ओळख किती दिवसांची?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करणे हे काही आमचे काम नव्हे. आम्ही पदविकाधारक उपयंत्री. रस्त्याची जाडी मोजणे आणि मापपुस्तकात नोंद करणे यातच आमची वीस वर्षे गेली. तरीही कार्यकारिणीने आग्रह केला, आणि विषयही आमच्यावर सोपवला. म्हणून जे आमच्या घरात घडले तेच सांगावे असे ठरवले. 'आम्ही' म्हणतो आहोत ते मोठेपणाने नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती. या गोष्टीत चुका दोघांनी मिळून केल्या आणि शहाणपणही दोघांना मिळूनच आले, म्हणून श्रेय एकट्याने घेता येत नाही.

विषय असा, की ज्याची फारशी ओळख नाही अशा माणसासाठी शब्द कधी टाकावा, आणि टाकायचा नसेल तर त्याला वाईट न वाटता नाही कसे म्हणावे.

हा प्रश्न आपल्यासारख्या लोकांना जरा जास्तच पडतो. आपली घराणी होळकरांच्या काळापासून इंदुरात आहेत. कुणी सात पिढ्यांचे, कुणी चार पिढ्यांचे. शहर हिंदीभाषक, आपण त्यात मूठभर. त्यामुळे मराठी आडनाव कानावर पडले की आपले मन अर्धे मोकळे होते. "कुठले तुम्ही? रामबागेतले ते अमुक तुमचे कोण?" अशी चौकशी सुरू होते, आणि समोरच्याने उत्तर द्यायच्या आतच आपण मनात नाते जोडून टाकलेले असते. त्यातून आम्ही सरकारी नोकर. राजपत्रित नाही, शिक्का नाही, तरी 'सरकारी माणूस आहे, याच्या शब्दाला वजन आहे' असे लोकांना वाटते. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते ऐकून बरे वाटते. आमची चूक तिथूनच सुरू झाली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी गणपतीच्या दहा दिवसांत एक तरुण रोज संध्याकाळी आरतीला यायचा. आवाज स्वच्छ, झांज उत्तम वाजवायचा, प्रसादाची पाने उचलायला सगळ्यांच्या पुढे. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी आहे असे म्हणाला. आडनाव असे, की त्या आडनावाचे एक मोठे, नावाजलेले घर आपल्या सगळ्यांना माहीत. त्या घराशी आपला संबंध आहे असे तो एकदाही म्हणाला नाही. ते आमचे आम्हीच समजून घेतले.

विसर्जनानंतर दोन रविवार तो घरी चहाला आला. दुसऱ्या रविवारी म्हणाला, "काका, राहायला खोली बघतोय. कुणी ओळखीचं असेल तर सांगा." आमच्या शेजारच्या गल्लीत एक काकू राहतात. यजमान गेलेले, मुलगा बाहेरगावी, वरच्या दोन खोल्या भाड्याने देऊन त्यांचा महिना भागतो. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन गेलो आणि म्हणालो, "काकू, चांगला मुलगा आहे. आपल्यातलाच आहे."

काकू एरवी दोन महिन्यांची अनामत घेत. आमच्या शब्दावर एकाच महिन्याची घेतली, 5,500 रुपये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. ती दिली नाही. कारखान्याचे ओळखपत्र पाहिले नाही, गावाकडचा पत्ता लिहून घेतला नाही. "तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं," म्हणाल्या. आम्हाला बरे वाटले.

पुढे काय झाले असेल ते आपल्या लक्षात आलेच असेल. पहिले दोन महिने भाडे वेळेवर आले. नंतर चार महिने आज देतो, उद्या देतो. एके दिवशी खोलीला कुलूप, फोन बंद. चार महिन्यांचे 22,000 रुपये भाडे आणि विजेचे बिल 3,100. अनामत वजा जाता 19,600 रुपयांचा फटका. काकू आमच्यासोबत ठाण्यात गेल्या तेव्हा तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "माताजी, किरायेदार का सत्यापन कराया था?" काकूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

घरी परतताना त्यांनी एकच विचारले, रागाने नव्हे, सहज: "का रे, तुमची त्याची ओळख होती तरी किती दिवसांची?"

आम्ही मनात हिशेब केला. गणपतीचे दहा दिवस आणि दोन रविवार. बारा दिवस. तेही दिवसाचा एक-एक तास.

आम्ही अर्धी रक्कम, 9,800 रुपये, काकूंकडे नेली. त्यांनी तीनदा परत केली, चौथ्यांदा ठेवून घेतली. हळदीकुंकवाला येणे-जाणे पूर्वीसारखेच राहिले. फक्त खोली रिकामी झाली की त्या आम्हाला पूर्वी विचारायच्या, ते बंद झाले. ते बंद झालेले विचारणे आम्हाला 9,800 रुपयांपेक्षा जास्त लागले.

त्या प्रकरणावर आम्ही दोघांनी पुष्कळ बोलून पाहिले. मुलगा वाईट निघाला हे खरे, पण आमची चूक ती नव्हती. माणूस कसा निघेल हे कुणाला सांगता येते? आमची चूक वेगळीच होती. 'गणपतीत दहा दिवस आरतीला आला, वागायला नम्र वाटला, नोकरीचे तो सांगतो पण आम्ही पाहिलेले नाही' एवढे आम्हाला माहीत होते. आम्ही सांगितले 'चांगला मुलगा आहे, आपल्यातलाच आहे'. जेवढे पाहिले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगितले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती आमच्या लक्षात फार उशिरा आली. काकूंना फसवले त्या मुलाने, पण त्यांची कुंपणे काढली आम्ही. दोन महिन्यांची अनामत, ओळखपत्र, गावचा पत्ता, ठाण्यातली नोंद, ही त्यांची नेहमीची व्यवस्था होती. आमच्या एका शब्दाने ती सगळी गळून पडली. शिफारस अशीच काम करते. ऐकणारा आपल्या शब्दाच्या भरवशावर स्वतःची तपासणी सोडून देतो. म्हणून कुणासाठी शब्द टाकलाच, तर त्याच दमात म्हणावे, "पण तुमची नेहमीची कागदपत्रं आणि अनामत घ्या बरं का. आमच्यासाठी त्यात काही सोडू नका." आणि हे त्या माणसासमोरच म्हणावे. सरळ माणसाला त्याचे काही वाटत नाही. ज्याला वाटते त्याच्याबद्दल तिथल्या तिथेच थोडे कळते.

त्यानंतर आम्ही घरात तीन प्रश्न ठरवले. कुणी काही मागितले की उत्तर देण्यापूर्वी ते एकमेकांना विचारतो.

पहिला: आपण स्वतः काय पाहिले आहे? ऐकलेले नाही, आडनावावरून वाटलेले नाही, पाहिलेले. दुसरा: आपले चुकले तर नुकसान कुणाचे, आणि ते भरून येण्याजोगे आहे का? नळ दुरुस्त करणाऱ्याचे नाव सांगितले आणि तो वाईट निघाला, तर शंभर-दोनशे रुपये आणि एक दुपार जाते. भाडेकरू वाईट निघाला तर एकट्या बाईचे वर्षाचे गणित बिघडते. तिसरा: ऐकणाऱ्याला दुसरीकडून पडताळून पाहता येईल का, की सगळा भार आपल्याच शब्दावर आहे?

पाहिलेले थोडे असले तरी नुकसान लहान असेल आणि पडताळायला वाव असेल, तर आम्ही खुशाल शब्द टाकतो, फक्त जेवढे पाहिले तेवढाच. पाहिलेले थोडे, नुकसान मोठे आणि तेही तिसऱ्याच माणसाचे, असे असेल तर नाही म्हणतो.

आता नाही म्हणायचे कसे? आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही. आपण "बघू," म्हणतो, "करू काहीतरी," म्हणतो, "घरी विचारून सांगतो," म्हणतो. मागणारा हे सगळे 'हो' म्हणूनच धरतो आणि दुसरीकडे विचारणे थांबवतो. पंधरा दिवसांनी आपण नाही म्हणतो तेव्हा त्याचा राग नकाराचा नसतो, पंधरा दिवस वाया गेल्याचा असतो, आणि तो राग रास्त असतो.

जामिनाचा एक प्रसंग सांगतो. आपल्यापैकी जे नोकरदार आहेत त्यांना हे कधी ना कधी येतेच. पतसंस्थेचे कर्ज घ्यायचे म्हटले की बहुधा दोन पगारदार जामीनदार लागतात, आणि सरकारी पगार म्हणजे त्यांना सोन्याहून पिवळा. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या मित्राचा धाकटा भाऊ फॉर्म घेऊन घरी आला. कर्ज तीन लाखांचे. त्याला आम्ही आधी दोनदा भेटलेलो, दोन्ही वेळा लग्नाच्या पंगतीत. "फक्त एक सही हवी, दादा. फॉर्मॅलिटी आहे."

जामिनाची सही ही फॉर्मॅलिटी नव्हे, आणि तिला शिफारसही म्हणता येत नाही. शिफारस म्हणजे 'हा माणूस मला बरा वाटतो'. जामीन म्हणजे 'याने नाही भरले तर मी भरतो'. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणायची सोय सहसा नसते. पतसंस्थेच्या कागदांत पगारातून कपातीची संमतीही बहुधा असते, ती आपण वाचत नाही. उद्या आपण स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलो की बँक हा जामीनही मोजते. म्हणून इथे आमच्या तीन प्रश्नांचीही गरज नाही. एकच प्रश्न पुरतो: हे तीन लाख आपण स्वतः त्याला देऊ का? उत्तर नाही असेल तर सही नाही.

पूर्वी आम्ही अशा वेळी कारणे द्यायचो. "पगाराची स्लिप हाताशी नाही." तो म्हणायचा, मी कार्यालयातून काढून आणतो. "सध्या आमचंच एक कर्ज चालू आहे." तो म्हणायचा, संस्थेला चालतं, मी विचारलंय. कारण दिले की समोरचा ते दूर करू लागतो, त्यात त्याची चूक नाही. सगळी कारणे संपली की आपण उघडे पडतो, आणि मग नाही म्हटले तर तो नकार त्याच्या तोंडावर जातो: म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तर. आणखी एक पळवाट होती, 'आमच्या घरात चालत नाही' म्हणण्याची. ती आमच्या सौभाग्यवतींनी बंद केली. "नाही तुम्ही म्हणणार आणि वाईट मी व्हायचं," असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होते.

म्हणून आम्ही दोघांनी बसून नियमच ठरवला: जामिनाची सही फक्त सख्ख्या भावंडांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी, बाकी कुणासाठी नाही. त्या मुलाला चहा दिला आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले:

"हे बघ भाऊ, जामिनाच्या कागदावर आम्ही सख्ख्या भावंडांखेरीज कुणासाठीच सही करत नाही. तो घरचा नियम आहे, तुझ्यासाठी केलेला नाही. तुझ्या फेऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून आत्ताच सांगतो. घरात सोनं किंवा मुदत ठेव असेल तर त्यावरच्या कर्जाला बहुधा जामीनदार लागत नाही, ते एकदा विचारून बघ. आणि फॉर्म समजून घ्यायचा असेल तर आत्ता बसू."

तो थोडा हिरमुसला. पण फॉर्म दाखवला, अर्धा तास बसला. पुढच्या वेळी कुठल्याशा मुंजीत भेटला तेव्हा आम्हीच होऊन विचारले, कर्जाचे काय झाले. आईच्या बांगड्यांवर घेतले, म्हणाला. बोलणे सुरळीत झाले.

या उत्तरात काय आहे ते जरा सांगतो, कारण ते आम्हाला बऱ्याच ठोकरा खाऊन सापडले. नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यामुळे नकार त्या माणसाच्या लायकीवर बोट ठेवत नाही. पण तो नियम खरा हवा. याला नाही म्हटले आणि महिन्याभराने दुसऱ्यासाठी सही केली, तर इंदूर तेवढे मोठे शहर नाही. संध्याकाळपर्यंत त्याला कळेल. उत्तर तेव्हाच दिले, त्यामुळे त्याला दुसरीकडे जायला वेळ राहिला. आणि जी मदत खरोखर जमते तेवढीच पुढे केली. शेवटची गोष्ट, तो काय मागायला आला होता हे आम्ही बाहेर कुणाजवळ बोललो नाही. पुष्कळदा नकारापेक्षा त्याची चर्चा माणसाला जास्त लागते.

नोकरीसाठी 'साहेबांना एक शब्द टाका' म्हणणारेही येतात. तिथे आमचा नियम सोपा आहे: कार्यालयाचे नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा कागद खासगी शिफारशीला वापरायचा नाही. ओळख असेल तर साध्या कागदावर, घरच्या पत्त्याने, दोन ओळी लिहून देतो. बहुतेकांना तसे पत्र नकोच असते, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटतो.

पण एक जागा अशी आहे, जिथे नाही म्हणणेसुद्धा धोक्याचे. ती म्हणजे स्थळाची चौकशी.

नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. आमच्या कार्यालयातल्या एका तरुण लिपिकाचे स्थळ त्यांच्या मुलीसाठी सांगून आले होते. "तुम्ही तिथलेच, मराठी माणूस. मुलगा कसा आहे, मोकळेपणाने सांगा." तो मुलगा आमच्या विभागात दीड वर्षापासून, पण वेगळ्या खोलीत बसतो. आमचा संबंध फाइलीपुरता. आम्ही नुसते "हं... तसा बरा आहे," म्हटले असते, किंवा "आम्हाला फारसं माहीत नाही," म्हणून फोन ठेवला असता, तर त्या गृहस्थांनी काय समजायचे ते समजले असते. चौकशीच्या फोनवर गप्प राहणे म्हणजे काहीतरी दडवणे, असाच अर्थ आपल्याकडे लावतात. निव्वळ आमच्या संकोचाने एका चांगल्या मुलाचे स्थळ मोडले असते आणि त्याला त्याचे कारण कधीच कळले नसते. उलट "हिरा आहे हिरा," म्हणणे म्हणजे काकूंच्या भाडेकरूचीच गोष्ट पुन्हा, आणि इथे तर कुणाच्या तरी मुलीचे आयुष्य.

आम्ही त्यांना असे सांगितले: "तो आमच्याकडे दीड वर्षापासून आहे. बसायची खोली वेगळी, पण रोजचा कामाचा संबंध येतो. वेळेवर येतो, फाइल अडवून ठेवत नाही, शिपायाशीसुद्धा नीट बोलतो. हे आम्ही पाहिलंय. घरच्यांना आम्ही भेटलेलो नाही, कार्यालयाबाहेरचं वागणं, सवयी, देणंघेणं यांतलं काहीच माहीत नाही. माहीत नाही म्हणजे काही वावगं ऐकलंय असं मुळीच नाही, नुसतंच माहीत नाही. ते त्यांच्या गल्लीतले लोक सांगू शकतील. नोकरीचा हुद्दा आणि पगार मात्र कागदावर बघून घ्या, आमच्याच काय, कुणाच्याच तोंडी शब्दावर जाऊ नका."

'माहीत नाही म्हणजे वावगं ऐकलंय असं नाही' हे वाक्य अशा वेळी न विसरता बोलावे. त्याने ऐकणाऱ्याला सगळी कुंपणे स्वतःकडे ठेवता येतात आणि मुलावरही अन्याय होत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "पाच जणांना फोन केले. काय बघितलं आणि काय नाही, असं कुणी वेगळं करून सांगितलं नव्हतं."

आता शेवटची गोष्ट, होकाराची. कारण ओळख कमी आहे म्हणून दर वेळी हात झटकायचे, असे आम्हाला म्हणायचे नाही. तसे केले तर बाहेरगावाहून आलेल्या मराठी माणसाने आपल्या मंडळाचे दार तरी का ठोठवावे?

बऱ्हाणपूरच्या एका कुटुंबाची मुलगी इथे शिकायला यायची होती. वसतिगृहाच्या फॉर्मवर 'स्थानिक पालक' म्हणून शहरातल्या कुणाचे तरी नाव आणि सही हवी होती. मुलीचे वडील आमच्या एका आत्याच्या दूरच्या ओळखीचे. आम्ही त्यांना कधी पाहिलेलेही नाही. पूर्वीचे आम्ही असतो तर फोनवरच "अहो, आपलीच मुलगी, पाठवा फॉर्म," म्हणालो असतो. किंवा त्या भाडेकरूच्या प्रकरणानंतर लगेच विचारले असते तर सरळ नाही म्हणालो असतो.

या वेळी आम्ही म्हणालो, "सही आत्ता होत नाही. पण तुम्ही तिघं एकदा जेवायला या. मग ठरवू." ते रविवारी आले. आम्ही आधी फॉर्म वाचला. त्यात होते: रात्री बाहेर राहायचे तर स्थानिक पालकाची परवानगी, आजारी पडली तर पहिला फोन पालकाला, फी थकली तर पत्र पालकाला. म्हणजे ती नुसती सही नव्हती, चार वर्षांचे काम होते. मग मोकळेपणाने बोललो. फीची सोय काय आहे? परवानगीसाठी मुलीने फोन केला तर आम्ही आधी तुम्हाला विचारू, चालेल ना? मुलीला वेगळे विचारले, तुला आमचे नाव चालेल का, की तुझ्या मैत्रिणीची कुणी मावशी इथे आहे? ती हसली, म्हणाली, "मावशी आहे, पण ती फार प्रश्न विचारते." आमच्या सौ. म्हणाल्या, "प्रश्न तर आम्हीपण विचारू."

दोन तासांत आम्हाला सगळे कळले असे नाही. पण निर्णय घ्यायला लागते तेवढे कळले. महिन्यातून एका रविवारी ती घरी जेवायला येईल एवढी एक अट घातली आणि सही केली. ओळख नव्हती, ती आधी करून घेतली. हो आणि नाही यांच्यामध्ये ही एक तिसरी वाट असते, आणि तिला फक्त एक रविवार लागतो. जो माणूस तो एक रविवारही द्यायला तयार नसतो, 'सही आजच हवी' म्हणून घाई करतो, त्याला नाही म्हणणे आपोआप सोपे होते.

कार्यकारिणीला यातून एक विनंती. बाहेरगावचे लोक मंडळाकडे पत्राने, फोनने चौकशी करतात, खोलीसाठी, नोकरीसाठी, स्थळासाठी. मंडळाच्या नावाने उत्तर देताना आपल्या नोंदवहीत आहे तेवढेच द्यावे: अमुक सालापासून सभासद आहेत, अमुक समितीत काम केले आहे. 'सज्जन व सुसंस्कृत कुटुंब' हे शब्द मंडळाच्या कागदावर नकोत. वर्गणी भरली एवढेच आपल्याला माहीत असते.

काकूंच्या गोष्टीचा शेवट सांगून थांबतो. मधली सात वर्षे त्यांनी आम्हाला भाडेकरूबद्दल काही विचारले नव्हते. गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी, एक नोकरी करणारी मुलगी खोली पाहायला आली आणि आमचे नाव घेतले. ती मंडळाच्या ग्रंथालयात आम्हाला भेटली होती. काकू संध्याकाळी आमच्या दारात आल्या आणि विचारले, "का रे, ओळख किती दिवसांची?"

आम्ही म्हणालो, "तीन रविवार, काकू. पुस्तकं वेळेवर परत करते, एवढं पाहिलंय. आईवडिलांना भेटलेलो नाही. नोकरीचं पत्र आम्ही पाहिलेलं नाही, ते तुम्ही बघा. अनामत दोन महिन्यांची घ्या आणि ठाण्यात नोंद करा, त्यासाठी आम्ही सोबत येऊ."

काकू म्हणाल्या, "असं सांगावं माणसाने." आणि आत येऊन बसल्या. चहा झाला.